गणपतीला उचललं कुणी?

माझं लिहिलेलं कुणी कमी करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. आणि जालन्यातली माझी शाळेपासूनची मैत्रीण दर दोन वाक्यांनी तेच सांगते. ती लहान मुलांसाठी कार्टूनच्या गोष्टी करते. भाड्याच्या दोन खोल्या, चित्रं काढणाऱ्या दोन मुली, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेला एक कोपरा, एवढा तिचा स्टुडिओ. मी दिवसभर एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात बसते आणि संध्याकाळी तिच्यासाठी गोष्टी लिहिते. हौसेला मोल नसतं म्हणतात, तिनं ते फार मनावर घेतलंय.

सुरुवातीला मला वाटायचं, पुराणातली गोष्ट तर आपल्याला तोंडपाठ, त्यात लिहायचं काय? पण कार्टूनची गोष्ट सांगायची नसते, दाखवायची असते. कागदाच्या मधोमध एक रेघ. डावीकडे काय दिसतं ते, उजवीकडे काय ऐकू येतं ते. एकच गोष्ट दोन्हीकडे आली की मैत्रीण लाल पेन उचलते. मी एकदा डावीकडे लिहिलं, 'आभाळात पूर्ण चंद्र', आणि उजवीकडे निवेदनात लिहिलं, 'आणि मग आभाळात पूर्ण चंद्र उगवला'. ती म्हणाली, "अगं, पोरांना डोळे आहेत! दिसतोय तो चंद्र." मी दिवसभर फुगून बसले होते, पण तिचं बरोबर होतं.

यंदा गणपतीसाठी तिला चंद्राची गोष्ट हवी होती. कुबेराकडचं जेवण आटपून गणपती उंदरावर बसून निघतो, वाटेत साप आडवा जातो, उंदीर बुजतो, गणपती पडतो, मोदक सांडतात आणि वरून चंद्र खदखदा हसतो. मग शाप. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, अडीच मिनिटांत, शेवटी एक सोपा बोध. अडीच मिनिटांत निवेदन आणि संवाद मिळून साधारण तीनशे शब्द मावतात. त्याहून जास्त घातले तर ऐकणाऱ्या पोरांना दम लागतो.

खरं सांगायचं तर ही गोष्ट मी कार्टूनसाठी लिहीतच नव्हते. मी ती माझ्या वडिलांसाठी लिहीत होते.

आमचे आबा केदारखेड्याचे. सत्तरी ओलांडली तरी शेतात रोजची फेरी चुकवत नाहीत, आणि संध्याकाळी पारावर त्यांच्या गोष्टी ऐकायला पोरंच काय, म्हातारेही बसतात. निदान बसायचे. उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं लग्न मंठ्याला झालं. वरातीत आबा फेटा बांधून बँडपुढं नाचत होते. कुणीतरी मठ्ठा सांडला होता, त्यावरून पाय घसरला आणि आबा फेट्यासकट रस्त्यावर बसले. लागलं काहीच नाही. पण अख्खी वरात हसली, आणि एकानं ते मोबाईलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला ढोलकीचं संगीत लावून ते गावभर फिरलं. आबा बसतात, पुन्हा उभे राहतात, पुन्हा बसतात, असं उलटसुलट करून.

आठ दिवसांत आबा पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. "चार दिस ऱ्हातो," म्हणाले. चार दिवसांचे दोन महिने झाले. रोज सकाळी भावाला फोन करून कपाशीची चौकशी करायचे, पाऊस किती झाला विचारायचे, आणि गावी जाऊ या म्हटलं की खिडकीबाहेर बघायचे. एकदाच म्हणाले, "तिथं मला पाह्यलं की पोरं खिशातून मोबाईल काढून राह्यले, माय. आता मला त्या पारावर बसू वाटत न्हाई." मला आबा घरी जड झाले नव्हते. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. हसतील त्यांचे दात दिसतील, अशी म्हण मी त्यांना ऐकवली. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणी त्यांनीच मला शिकवलेल्या, त्यांच्यावर त्या काय चालणार?

तर मला त्या हसणाऱ्यांना धडा शिकवायचा होता. चंद्र म्हणजे ते सगळे वऱ्हाडी. मी शाप असा कडक लिहिला की मैत्रिणीनं विचारलं, "ही पोरांची गोष्ट आहे की कोर्टाचा निकाल?" मी शाप थोडा सौम्य केला. बोध मात्र हट्टानं ठेवला: 'पडलेल्याला कधी हसू नये.'

बाकी कामात तिनं मला बरंच वळण लावलं. मूळ गोष्टीत गणपतीचं पोट फुटतं, ते काढलं, कारण छोटी मुलं घाबरतात. मोदक पोटातून नाही, हातातल्या ताटातून सांडतात. गणपती जाड आहे म्हणून पडतो असं कुठंही सुचवायचं नाही, उंदीर दचकतो म्हणून पडतो. "देव आहे तो, शिवाय वर्गात एखादं गुबगुबीत पोर असतंच, त्याला घरी रडत पाठवायचं नाही," असं तिचं म्हणणं. चित्रकार मुलीनं आधी चंद्राची कोर काढली होती. पण शापाच्या आधी चंद्र कमी-जास्त होतच नाही ना, त्यामुळे तो गोल गरगरीत हवा. गोल तोंडावर हसू पण छान बसतं.

आणि एक काटछाट तिनं केली, तिच्याकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. पडलेला माणूस उठताना दाखवणं हे कार्टूनमधलं फार चिकट काम. हात टेकणं, गुडघा उचलणं, तोल सावरणं, प्रत्येकाची वेगळी चित्रं लागतात. पडणं सोपं, उठणं महाग. म्हणून तिनं मधे चंद्राचा हसरा चेहरा पडदाभर टाकला, आणि परत खाली आलो तर गणपती उभा. सहा सेकंद वाचले. मला तर ही युक्ती हुशारीचीच वाटली.

रंगीत काम सुरू करण्याआधी कच्चं रूप करून बघतात. पेन्सिलीची चित्रं एकामागून एक लावायची, खाली कामचलाऊ आवाज टाकायचा, आणि मुलांना दाखवायचं. चुका इथंच सापडाव्या लागतात, कारण एकदा चित्रं हलायला लागली की दुरुस्ती महागात पडते. निवेदन, गणपती, चंद्र, सगळे आवाज मीच काढले होते. रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली दहा-बारा पोरं माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसवली. मैत्रीण त्यांच्या तोंडांकडे बघत उभी राहिली. ती पडद्याकडे कधी बघत नाही. पोरं कुठं चुळबुळतात, कुठं गप्प होतात, ते टिपत असते. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

साप आला, उंदीर बुजला, गणपती धप्पकन बसला. पोरं हसली! नुसती हसली नाहीत, लोळली. एकानं तर स्वतः सतरंजीवर पडून दाखवलं. मैत्रिणीचा चेहरा उजळला. मी आबांकडे बघूच शकले नाही. पेपर त्यांनी जरा वर उचलला, एवढं कळलं.

मग चंद्र हसला. मग शाप. आभाळ काळं झालं आणि माझ्याच आवाजात बोध आला, 'पडलेल्याला कधी हसू नये.' समोर बसलेली, पहिलीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मी पण हसले. आता मला शाप लागणार का?"

आम्ही आधी पोरांना हसवलं होतं, आणि हसले म्हणून लगेच त्यांचा कान धरला होता. माझा तो कडक बोध वरातीला जाऊन लागायचा तो या एवढ्याशा पोरीला लागला होता. मैत्रीण मला डोळ्यांनी म्हणत होती, बघ.

तेवढ्यात त्या मुलीच्या शेजारी बसलेल्या मुलानं निराळंच काढलं. "पण गणपतीला उचललं कुणी?"

"उठला की तो," मैत्रीण म्हणाली.

"कधी? आम्ही तर पाह्यलंच न्हाई. तो खाली होता, मंग चंद्र आला, मंग तो उभाच होता. उचललं कुणी?"

सगळी पोरं तेच विचारायला लागली. उंदरानं? सापानं? पार्वती आली का? आणि कोपऱ्यातून पेपर खाली आला. आबा म्हणाले, "बराबर बोलला पोरगा. तेच तर कापलं त्यांनी."

मला वाटलं ते आमच्या चित्रांबद्दल बोलतायत. पण ते मोबाईलवरच्या त्या फिरलेल्या वरातीबद्दल बोलत होते.

पोरं गेल्यावर त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "म्या पडल्तो ना, तव्हा मला उचलायला कोण आल्तं ठाव हाये का तुला? आपला बांधावरला."

बांधावरला म्हणजे आमचा शेजारचा भाऊबंद. शेताच्या बांधावरून आबांचं आणि त्याचं मी लहान असल्यापासून बोलणं बंद. लग्नाला तो आला तो भावकीची रीत म्हणून. वरातीत सगळ्यांत मागं चालत होता. "समदे हसत उभे होते, आणि त्यो गर्दीतून वाट काढत आला. त्यो बी हसत होता बरं, ख्या ख्या करून. पण काखेत हात घालून मला उभं केलं, फेटा उचलून डोक्यावर ठिवला आणि गेला मागं. एक शबुद बोलला न्हाई. ते कुठं हाये त्या मोबाईलात? मी पडलो तेवढंच फिरून राह्यलंय."

"मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" मी जरा तापूनच विचारलं.

"सांगून काय? मोबाईलात दिसलं असतं तर पटलं असतं."

मग पेपरची घडी घालत म्हणाले, "चंद्र हसला ते चुकलं न्हाई, माय. हसू येतं माणसाला. हात द्यायला खाली आला न्हाई, ते चुकलं."

मैत्रीण आणि मी त्या संध्याकाळी कडाकडा भांडलो, पण ते चांगलं भांडण होतं. ती म्हणत होती, उठण्याचा शॉट घालायचा तर सहा सेकंद आणायचे कुठून? मी म्हणाले, कुबेराची पंगत काप. "ती तर तुझी सगळ्यात लाडकी!" होतीच. पंचपक्वान्नांची मी अशी यादी दिली होती की ऐकणाऱ्याला ढेकर यावा. माझ्या हातानं मी ती कापली. आता गोष्ट थेट रस्त्यावर सुरू होते: गणपतीच्या हातात मोदकांचं ताट, उंदराच्या मिश्यांना गूळ. जेवण झालंय हे त्या गुळावरून कळतं. निवेदनाला एकही शब्द लागत नाही.

मग बाकीची गोष्ट आपोआप सरळ झाली. गणपती पडतो. उंदरालाही हसू फुटतं, पण हसत हसतच तो सोंडेखाली शिरून ढकलतो, गणपती उंदराच्या पाठीवर हात टेकतो, तोल जातो, पुन्हा टेकतो, आणि शेवटी दोघं हसत उभे राहतात. वरचा चंद्र मात्र नुसता लांबून बोट दाखवून हसत राहतो. गणपतीला राग येतो तो त्याचा. शाप बसतो, चंद्र दिसेनासा होतो, अंधार पडतो आणि सांडलेले मोदक कुणालाच सापडत नाहीत. चंद्र चूक कबूल करतो. गणपतीचा राग उतरतो. मोदक शोधायला चंद्र खाली वाकून उजेड धरतो, आणि पोरांना मोजायला एकेक मोदक पडद्यावर चमकतो. उःशाप ठरलेलाच: रोज थोडं कमी व्हायचं, पुन्हा वाढायचं, भाद्रपदातल्या चतुर्थीला तोंड लपवायचं, पण दर संकष्टीला तुला पाहिल्याशिवाय लोक जेवणार नाहीत. राजूरच्या गणपतीला संकष्टीची गर्दी बघितलेल्या आमच्याकडच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी आई गच्चीवर जाऊन चंद्र शोधत असते.

बोध एकच, आणि तो निवेदनात नाही, उंदराच्या तोंडी: "आधी हात द्यायचा. मग सगळ्यांनी मिळून हसायचं."

उंदराचा आवाज आबांचा, हे मैत्रिणीनंच ठरवलं. आबा आधी नाही म्हणाले, मग दाढी करून तयार झाले. गोधड्यांच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. वाक्य त्यांनी पहिल्या झटक्यात म्हटलं. पण हसू येईना. कार्टूनमध्ये आवाज आधी घेतात आणि चित्राचं तोंड त्यावर हलवतात, म्हणून हसू खरं लागतं, नंतर चिकटवता येत नाही. आबा "हा हा हा" म्हणाले ते पाढे म्हटल्यासारखं. मैत्रिणीनं विनोद सांगितले, चित्रकार मुलींनी माकडासारखे चेहरे केले, मी त्यांना माझ्या पहिल्या स्वयंपाकाची आठवण करून दिली. आबा सगळ्यांकडे आदरानं बघत राहिले.

मग एकदम म्हणाले, "त्याला फोन लाव."

"कुणाला?"

"बांधावरल्याला. तुझ्या भावाकडून नंबर घे."

फोन लागला. मी तो स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला. इतक्या वर्षांनी काय बोलणार, म्हणून माझाच जीव घाबरा झाला. आबा म्हणाले, "म्या बोलतोय." पलीकडून त्या माणसाचा खर्जातला आवाज आला, "कोण? ती मठ्ठ्यातली म्हैस का?"

आणि आबा फुटले. पोट धरून, मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पलीकडून तो म्हणत होता, "हसतो काय? तुला उचलताना माझी कंबर धरली ती अजून बिलकुल सुटली न्हाई! कव्हा येतो? तुझ्या पाराच्या जागेवर कुत्रं झोपून राह्यलंय." आबांचं हसू थांबेना. मैत्रीण पुतळ्यासारखी उभी, बोट तोंडावर. रेकॉर्डिंग चालूच होतं. मला रडू आवरत नव्हतं, आणि आवाज येऊ नये म्हणून मी गोधडीत तोंड खुपसलं.

त्या हसण्यावर चित्रकार मुलीनं उंदीर हलवला. मिश्या थरथरतात, पोट हलतं, आणि हसता हसता तो ढकलतो. रंगीत काम झाल्यावर आम्ही त्याच पोरांना बोलावून दाखवलं. गणपती पडला तेव्हा ती हसलीच. पण उठताना सगळी "हंऽऽ, उठ, उठ!" करून ओरडत होती, आणि पहिलीतल्या त्या मुलीनं तर जागेवरूनच हात पुढं केला होता.

गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी मी आबांना घेऊन केदारखेड्याला गेले. गावाच्या कमानीपाशी त्यांनी टोपी नीट केली आणि मी गाडी हळू केली. वळायचं असेल तर अजून वळता येईल, असं मला वाटलं. त्यांनी पुढं चल म्हणून हात केला. आमचं कार्टून दाखवायला गुरुजींनी टीव्ही शाळेच्या ओसरीवर आणून ठेवला होता. पोरं, बाया, वरातीतले सगळे जमले. मोबाईल एक-दोघांनी काढले, पण टीव्हीकडे धरायला. उंदीर हसला तसा मागून कुणीतरी ओरडला, "आबाच हाये हा!" आणि सगळ्या माना आबांकडे वळल्या. आबा ताठ बसले होते. मग त्यांनी पोरांकडे बघून उंदरासारख्या मिश्या हलवल्या. ओसरी खो खो हसली, आणि आबा त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं हसले.

संपल्यावर भाऊबंद कमरेवर हात ठेवून पुढं आला. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. तो म्हणाला, "समदं ठीक, पण उंदीर सोंडेखाली शिरून ढकलतो हे खोटं. म्या तुला काखेत धरून उचललं."

"गणपतीला काखेत धरतेत का? देव हाये तो," आबा म्हणाले.

"मंग शेपटी द्यायची उंदरानं. शेपटीला धरून उठला असता."

"शेपटी तुटली असती ना, येड्या!"

"तुझ्या वजनानं तुटली असती. गणपतीच्या न्हाई."

दोघं तावातावानं बोलत पाराकडे निघाले. तिथल्या कुत्र्याला दोघांनी मिळून हाकललं, आणि पोरांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं. मी गाडीतून आबांची पिशवी काढून वहिनीकडे दिली. जालन्याला परतायची वेळ झाली म्हणून पाराजवळ जाऊन म्हणाले, "आबा, मी निघते." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. शेपटी किती वजन पेलते, हे ते पोरांना हातवारे करून सांगत होते.